गटवार यादीतली बेरीज जुळत नाही: एकर-गुंठे, हेक्टर-आर आणि चौरस फूट यांचा घोळ कसा शोधायचा

वाटणीपत्र, खरेदी-विक्री किंवा घरातल्या जमिनीची नुसती नोंद, कशासाठीही केलेली असो, यादीचं रूप बहुधा एकच असतं. एका रकान्यात गट किंवा सर्व्हे नंबर आणि हिस्सा, दुसऱ्यात क्षेत्र, तिसऱ्यात त्याचे चौरस फूट. प्रत्येक गटाखाली बेरीज, शेवटी एकूण. अशा बिघडलेल्या याद्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि बिघाड बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडतो. तो शोधायचा क्रम इथे देतो. सुरुवातीच्या तपासण्यांना कागद आणि कॅल्क्युलेटर पुरतो, नंतरच्यांना एक्सेल लागतं आणि अगदी शेवटच्या कामासाठी सरकारी कचेरीत जावं लागतं.

लक्षणं

यापैकी एखादं दिसलं तर पुढे वाचा.

- एकर-गुंठ्यांची बेरीज आणि चौरस फुटांची बेरीज वेगवेगळं क्षेत्र सांगतात.
- खरेदीखतावरून काढलेले चौरस फूट आणि सातबाऱ्यावरून काढलेले चौरस फूट यांत तफावत येते. कधी थोडी, कधी थेट एकराची.
- गुंठ्यांच्या रकान्यात ४०, ५० किंवा ७० असा आकडा दिसतो.
- एकूण क्षेत्र बरोबर दुप्पट येतं.
- एखादी ओळ बेरजेत धरलीच जात नाही, किंवा एकाच ओळीमुळे बेरीज हजारोंनी फुगते.

पहिली तपासणी: उताऱ्यावर एकक काय लिहिलं आहे

यादी बाजूला ठेवा आणि सातबारा हातात घ्या. क्षेत्राचं एकक त्यावरच छापलेलं असतं. शेतजमिनीच्या उताऱ्यावर ते हेक्टर-आर-चौरस मीटर असतं, म्हणजे ०.७१.०० याचा अर्थ शून्य हेक्टर, ७१ आर, शून्य चौरस मीटर. बिगरशेती जमिनीच्या आताच्या उताऱ्यावर मात्र एकक आर-चौरस मीटर असतं. तिथे ५.२५ म्हणजे ५ आर २५ चौरस मीटर, एकूण ५२५ चौरस मीटर. शेतीच्या सवयीने तेच ५ हेक्टर २५ आर म्हणून वाचलं तर क्षेत्र शंभरपट होतं. शेती आणि बिगरशेतीचे उतारे एकाच यादीत आले की हे हमखास घडतं, कारण यादी करणारा पहिल्या उताऱ्यावर एकक बघतो आणि पुढच्यांवर तेच गृहीत धरतो.

म्हणून प्रत्येक ओळीसमोर 'कागद' आणि 'एकक' असे दोन छोटे रकाने घाला. जुनं खरेदीखत असेल तर एकर-गुंठे-आणे, शहरातलं मालमत्ता पत्रक असेल तर चौरस मीटर, शहरी भागातला जुना दस्त असेल तर कदाचित चौरस वार. कोणता आकडा कुठून आला हे न लिहिता केलेली यादी पुढे कुणालाच तपासता येत नाही, करणाऱ्यालाही नाही.

आता गुणक. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बरोबर १,०८९ चौरस फूट. १६ आणे म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. वारात मोजलं तर गुंठा १२१ चौरस वारांचा. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६.३९ चौरस फूट, आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. 'गुंठा म्हणजे हजार फूट' हा तोंडी हिशेब यादीत कधीच वापरू नका. त्यात प्रत्येक गुंठ्यामागे ८९ चौरस फूट गळतात.

दुसरी तपासणी: भागाकार करून बघा

ही तपासणी मी सगळ्यात जास्त वापरतो, कारण एका भागाकारात आजार कळतो. जुळत नसलेल्या दोन बेरजांपैकी मोठीला लहानीने भागा.

उत्तर १.०१२ च्या आसपास आलं तर कुणीतरी गुंठा आणि आर एकच धरला आहे. गुंठ्यात १०१.१७ चौरस मीटर असतात आणि आरमध्ये १००, म्हणून फरक एक टक्क्याहून किंचित जास्त पडतो. लहान तुकड्यात तो नजरेला येत नाही. १९२ आर क्षेत्र १९२ गुंठे समजून १,०८९ ने गुणलं तर २,०९,०८८ चौरस फूट येतात, खरे असतात २,०६,६६७. म्हणजे २,४२१ चौरस फूट, दोन गुंठ्यांहून जास्त, केवळ शब्दाच्या गफलतीने वाढले. गावात बोलताना आरला सर्रास गुंठा म्हणतात. बोलण्यात ते चालतं, दस्तात चालत नाही.

उत्तर २.४७ आलं तर हेक्टरचा आकडा एकर म्हणून घेतला गेला आहे. १०.७६ आलं तर चौरस मीटरच चौरस फूट म्हणून टाकले आहेत. ९ आलं तर वार आणि फूट यांची अदलाबदल झाली आहे. १०० आलं तर वर सांगितलेला बिगरशेतीचा घोळ. आणि बरोबर २ आलं तर रूपांतराचा दोषच नाही, गटवार बेरजा शेवटच्या बेरजेत पुन्हा मोजल्या गेल्यात. त्यासाठी गटाच्या आणि शेवटच्या, दोन्ही बेरजांना `SUM` ऐवजी `SUBTOTAL` वापरा. ते आपल्या कक्षेतल्या इतर `SUBTOTAL` वगळून मोजतं.

```
=SUBTOTAL(9,F2:F4)
```

हा भागाकार आधी पूर्ण यादीवर करा. उत्तर यातलं कुठलंच नसेल तर एकेका गटावर आणि मग एकेका ओळीवर करा. एकाच ओळीत दोष असेल तर पूर्ण यादीचं गुणोत्तर त्याला झाकून टाकतं. आणि ओळीओळीचं गुणोत्तर काहीच्या काही, प्रत्येक ठिकाणी निराळं येत असेल, तर सरळ पुढच्या तपासणीकडे जा. तो दोष बिंदूचा असतो.

तिसरी तपासणी: एकर-गुंठ्यांमधला बिंदू

सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

हेक्टर-आर-चौरस मीटर ही शंभरा-शंभराची उतरंड आहे. त्यामुळे ०.७०.८२ हे ०.७०८२ हेक्टर असं लिहिलं तरी अर्थ बदलत नाही, बेरीजही सरळ होते. याच सवयीने एक एकर तीस गुंठे हे १.३० असं लिहिलं जातं. पण गुंठे शंभराने नाही, चाळिसाने भरतात. एक तास पन्नास मिनिटं आणि एक तास वीस मिनिटं यांची बेरीज १.५० अधिक १.२० बरोबर २.७० तास अशी कुणी करत नाही. एकर-गुंठ्यांत मात्र तेच रोज होतं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. गट ४१ चे तीन हिस्से, जुन्या खरेदीखतांप्रमाणे:

- ४१/१: १ एकर ३० गुंठे
- ४१/२: ३५ गुंठे
- ४१/३: २ एकर ५ गुंठे

यादीत हे १.३०, ०.३५ आणि २.०५ असं आलं. एक्सेलने बेरीज दिली ३.७०. त्याला ४३,५६० ने गुणून गटाखाली लिहिले गेले १,६१,१७२ चौरस फूट.

आता गुंठ्यांत करू. ७० गुंठे, ३५ गुंठे आणि ८५ गुंठे मिळून १९० गुंठे. म्हणजे ४ एकर ३० गुंठे. चौरस फूट १९० × १,०८९ = २,०६,९१०. दोन्हींतला फरक ४५,७३८ चौरस फूट, म्हणजे बरोबर ४२ गुंठे. एका गटात एकराहून जास्त जमीन कागदावरून गायब झाली, आणि तीही रकाना नीटनेटका दिसत असताना.

यातच एक उपदोष लपलेला असतो. एक्सेल १.३० मधलं शेवटचं शून्य गाळून १.३ दाखवतं. आता १.३ म्हणजे एक एकर तीस गुंठे, की घाईत लिहिलेले एक एकर तीन गुंठे, की खरोखर दशांशातला १.३ एकर म्हणजे एक एकर बारा गुंठे? तिन्ही शक्य आहेत. २.५ असेल तर ५० गुंठे होऊ शकत नाहीत एवढं नक्की, पण तो आकडा दोन एकर पाच गुंठे आहे की अडीच एकर, म्हणजे दोन एकर वीस गुंठे, हे यादी सांगू शकत नाही. सांगणाऱ्याने 'अडीच एकर' म्हटलं असेल आणि लिहिणाऱ्याने २.५ टाकलं असेल, हेही नेहमी घडतं.

अशा वेळी अंदाज करू नका, त्याच हिस्स्याचा सातबारा बघा. १ एकर ३० गुंठे म्हणजे सुमारे ७१ आर, १ एकर १२ गुंठे म्हणजे सुमारे ५३ आर, १ एकर ३ गुंठे म्हणजे सुमारे ४३ आर ५० चौरस मीटर. तिन्ही आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की उतारा पाहताच उत्तर मिळतं.

दुरुस्ती एकच: एकर, गुंठे आणि आणे यांना वेगवेगळे रकाने. A मध्ये गट-हिस्सा, B मध्ये एकर, C मध्ये गुंठे, D मध्ये आणे ठेवले तर E मध्ये एकूण गुंठे आणि F मध्ये चौरस फूट असे येतील:

```
E2:  =B2*40+C2+D2/16
F2:  =E2*1089
```

बेरीज फक्त E आणि F ची करायची. B आणि C ची कधीच नाही. गटाची बेरीज E5 मध्ये असेल तर ती पुन्हा एकर-गुंठ्यांत लिहायला:

```
एकर:   =INT(E5/40)
गुंठे:  =MOD(E5,40)
```

वरच्या उदाहरणात E5 मध्ये १९० येतात आणि ही सूत्रं ४ आणि ३० देतात. आणखी एक रकाना राखणदार म्हणून ठेवा. गुंठे ४० किंवा जास्त दिसले की तो ओरडेल:

```
=IF(C2>=40,"तपासा","")
```

चौथी तपासणी: एक्सेलने आकड्याचं काय केलं

०.७१.०० असे दोन बिंदू असलेला आकडा एक्सेलला संख्या वाटत नाही. तो मजकूर म्हणून डावीकडे चिकटतो आणि `SUM` त्याला गुपचूप वगळतं, चूक दाखवत नाही. म्हणून क्षेत्राच्या रकान्याचं संरेखन काढून टाका आणि बघा: जे आकडे डावीकडे राहिले ते बेरजेत नाहीत. `=ISNUMBER(B2)` हे सूत्र खालपर्यंत ओढलं तरी `FALSE` आलेल्या ओळी सापडतात.

उलटा प्रकार 1-10 असं लिहिल्यावर होतो. टाइप करणाऱ्याला एक एकर दहा गुंठे म्हणायचं असतं, एक्सेल त्याची तारीख करतं. तारखेच्या पोटात चाळीस हजारांवरची संख्या असते, म्हणून बेरीज एकदम फुगते. रकाना नुसता 'नंबर' केला तर ती संख्या उघडी पडते, पण तुम्ही काय लिहिलं होतं ते परत येत नाही. त्या ओळी कागदावरून पुन्हा भराव्या लागतात.

सातबाऱ्याच्या आकड्यांनाही तीन रकाने द्या. G हेक्टर, H आर, I चौरस मीटर:

```
J2:  =G2*10000+H2*100+I2
K2:  =J2*10.7639104
```

गुणक छाटू नका. १०.७६ घेतला तर १९,२०० चौरस मीटरमागे ७५ चौरस फूट कमी येतात. आणि पूर्णांक करायचा तो शेवटच्या बेरजेत, प्रत्येक ओळीत नाही.

पाचवी तपासणी: उरलेला फरक खरा आहे का

इथपर्यंत आल्यावर F आणि K या दोन रकान्यांच्या बेरजा जवळ आलेल्या असतात, पण तंतोतंत एक होत नाहीत. इथे बरेच जण पुन्हा चूक शोधत बसतात. थांबा आणि फरक किती आहे ते बघा.

गट ४१ चंच घेऊ. ७० गुंठे म्हणजे ७,०८२ चौरस मीटर, उताऱ्यावर ७१ आर. ३५ गुंठे म्हणजे ३,५४१, उताऱ्यावर ३५ आर. ८५ गुंठे म्हणजे जवळजवळ ८,६००, उताऱ्यावर ८६ आर. उताऱ्यांची बेरीज १ हेक्टर ९२ आर, म्हणजे २,०६,६६७ चौरस फूट. खरेदीखतांवरून आले होते २,०६,९१०. फरक २४३ चौरस फूट.

हा फरक कुणाच्या चुकीचा नाही. जुनं एकर-गुंठ्यातलं क्षेत्र पूर्ण आरमध्ये आणताना प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त अर्धा आर, म्हणजे ५३८ चौरस फूट इकडेतिकडे होऊ शकतो. तीन ओळींना मर्यादा १,६१४. आपला फरक त्याच्या बराच आत आहे, म्हणून दोन्ही आकडे आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर आहेत. यादीत दोन्ही ठेवा आणि शीर्षकात 'खरेदीखताप्रमाणे' आणि 'सातबाऱ्याप्रमाणे' असं लिहा. जुळवण्यासाठी एखाद्या ओळीतला आकडा खालीवर करणं हा मात्र गुन्हा समजा. तो बदल पुढे वाटणीत एका भावाच्या नावावर बसतो.

उताऱ्यावर चौरस मीटरपर्यंत आकडा दिलेला असेल तर ही सूट लागू नाही. तिथे फरक एखाद्या चौरस मीटरचाच असायला हवा.

सहावी तपासणी: पोटखराब आणि सामाईक क्षेत्र

फरक मर्यादेबाहेर असेल आणि गणित सगळं बरोबर असेल, तर आता दोष यादीत काय मोजलं यात आहे.

सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब आणि त्यांचं एकूण असं वेगवेगळं असतं. समजा ४१/३ वर लागवडीयोग्य ८० आर, पोटखराब ६ आर, एकूण ८६ आर आहे. इतर ओळींत एकूण क्षेत्र घेतलं आणि या एका ओळीत फक्त लागवडीयोग्य, तर ६,४५८ चौरस फूट कमी पडतात. ओळखायची खूण अशी: फरकाला १,०७६.३९ ने भागा, आणि येणारा आकडा कुठल्या उताऱ्यावर पोटखराब म्हणून दिसतो का ते बघा. दिसला की तेच कारण. पोटखराब जमीनही मालकीचीच असते, त्यामुळे वाटणीच्या यादीत एकूण क्षेत्र घ्या आणि पोटखराब शेजारी वेगळं दाखवा.

सामाईक खात्यात एकच क्षेत्र अनेक नावांना मिळून असतं. यादी नाववार केली आणि प्रत्येक नावासमोर पूर्ण क्षेत्र लिहिलं, तर तीन भावांची जमीन तिप्पट दिसते. यावर उपाय म्हणजे आधी गटवार यादी पूर्ण करायची, प्रत्येक हिस्सा एकदाच, आणि नावांची वाटणी दुसऱ्या तक्त्यात न्यायची. ताळ्यासाठी आठ-अचा उतारा सोबत घ्या. त्यात एका खात्याखालच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र असतात, त्यामुळे सुटलेला गटही लक्षात येतो.

इथे थांबा

सातवी पायरी कागदाची आहे आणि तिथे तुमचं काम फक्त पाहणं एवढंच आहे. भूमी अभिलेख कार्यालयाच्या आकारबंदात प्रत्येक सर्व्हे किंवा गटाचं क्षेत्र नोंदलेलं असतं. त्या गटातल्या सगळ्या हिस्स्यांच्या सातबाऱ्यांची बेरीज, तुमच्या नसलेल्या हिस्स्यांसह, त्याच्याशी जुळायला हवी. ती जुळत नसेल तर तुमच्या एक्सेलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मूळ नोंदीत फरक आहे.

तेव्हा कुणाकडे जायचं ते कारणावर ठरतं. उताऱ्यावर आकडा उतरवताना लेखनाची चूक झाली आहे असं जुन्या उताऱ्यावरून आणि फेरफारावरून दिसत असेल, तर तलाठ्याकडे कागद दाखवून तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करतात. कागदावर सगळं जुळतं पण बांधावर जमीन कमी भरते, तर उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज. टेप घेऊन स्वतः मोजलेलं क्षेत्र वादात टिकत नाही. खरेदीखतातलं क्षेत्र आणि सातबारा यांत गुंठ्यांचा फरक असेल आणि व्यवहार व्हायचा असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दोन्ही कागद दाखवा. नुसती चतुःसीमा वाचून 'होईल नंतर' म्हणू नका.

आणि जमीन महाराष्ट्राबाहेर असेल, क्षेत्र बिघ्यात असेल, तर वरचं एकही सूत्र लावू नका. बिघा राज्यागणिक, काही ठिकाणी जिल्ह्यागणिक बदलतो. इंटरनेटवर मिळालेला गुणक तुमच्या गावाचा असेलच असं नाही. तिथल्या महसूल कचेरीतून त्या गावाला लागू असलेलं माप लेखी घ्या, यादीत ते माप वरच्या ओळीत लिहा आणि मगच चौरस फूट काढा.